देणगी नाकारण्याचं पत्र

(तालुक्यातल्या ग्रंथालय कार्यकर्त्यांच्या मेळाव्यातलं भाषण, थोडं संपादन करून)

इथे बसलेले बहुतेक जण कुठल्या ना कुठल्या वाचनालयाचे कार्यवाह, कोषाध्यक्ष किंवा ग्रंथपाल आहात. त्यामुळे वाचनालयाला पैसे का लागतात हे सांगत बसत नाही. आज बोलायचंय ते येणारे पैसे नाकारण्याविषयी. नाकारण्याचं पत्र कसं लिहायचं हा मुद्दा मी कार्यक्रमपत्रिकेत दिला आहे, पण आधी एक हकीकत सांगतो, कारण पत्र त्यातूनच आलं.

आमच्या सभागृहाचं छत गळत होतं, पंखे बंद होते. तशात एका बांधकाम व्यावसायिकाचा निरोप आला की पाच लाख देतो. कार्यकारी मंडळाच्या सभेत काय आनंद झाला! कोषाध्यक्षांनी पंख्यांचे भाव काढायला घेतले. दोन दिवसांनी लेखी प्रस्ताव आला आणि त्यात तीन अटी होत्या. सभागृहाला त्यांच्या नव्या गृहप्रकल्पाचं नाव द्यायचं आणि दर्शनी भिंतीवर प्रकल्पाचा फलक लावायचा. पाच वर्षं दर रविवारी सकाळी सभागृह त्यांच्या ग्राहक मेळाव्यासाठी राखून ठेवायचं. आणि कार्यकारी मंडळावर त्यांचा एक प्रतिनिधी घ्यायचा. शिवाय पाच लाखांची ८०जीची पावतीही हवी होती.

सभेत पहिलं वाक्य काय आलं असेल? "अहो, नियम आपलेच आहेत ना, बदलू की!" माझी खरी तक्रार या वाक्याबद्दल आहे. नियम आपले आहेत हे अर्धंच खरं. आपली संस्था सोसायटी नोंदणी कायद्याखाली नोंदलेली, आणि महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खालीही. आपली घटना धर्मादाय कार्यालयात दाखल आहे. आपण तिचे विश्वस्त आहोत, मालक नाही. आमच्या घटनेत कार्यकारी मंडळ वार्षिक सर्वसाधारण सभेत सभासद निवडून देतात, नामनिर्देशित जागाच नाही. देणगीदाराचा माणूस घ्यायचा तर घटनादुरुस्ती करायला हवी, ती सर्वसाधारण सभेत मंजूर व्हायला हवी आणि मग कलम २२ खाली बदल अर्ज ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात द्यायला हवा. एका पाहुण्यासाठी घराचा पाया उकरण्यासारखंच हे! आणि एकदा जागा निर्माण झाली की पुढचा देणगीदारही तीच मागणार.

रविवारच्या अटीवर आमच्याकडे चांगलाच वाद झाला. एक ज्येष्ठ सभासद म्हणाले, "काका, लग्नाला हॉल देतोच की आपण." देतो, पण आमच्या भाडे नियमावलीनुसार अर्ज एका दिवसापुरता असतो आणि कुणालाही कायमचा वार मिळत नाही. शिवाय कलम ३६ आहे. विश्वस्त संस्थेची इमारत तीन वर्षांपेक्षा जास्त मुदतीच्या भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वमंजुरी लागते. आठवड्यातून एक सकाळ म्हणजे भाडेपट्टा होतो की नुसती वापराची परवानगी, यावर वकील दोन्ही बाजूंनी बोलतील. कोषाध्यक्षांनी त्यावर फार मोलाचं सांगितलं: तो वाद न्यायालयात जिंकून आपण काय मिळवणार? आपली स्वतःची नियमावलीच आड येतेय, तेवढं पुरे. तिथे चर्चा संपली. मला वाटतं, अशा वेळी हाच क्रम धरावा. आधी आपला नियम बघावा, तो पुरला नाही तर कायद्याकडे जावं.

नावाची अट सगळ्यात गोड आणि म्हणून सगळ्यात फसवी. आपल्याकडे कोनशिला असतात, "कै. वडिलांच्या स्मरणार्थ" असं कपाटावर लिहिलेलं असतं आणि त्यात काही गैर नाही. वस्तू व सेवा कराच्या एका परिपत्रकाने ऑक्टोबर २०१९मध्ये हा फरक नीट सांगितलाय. देणगीदाराचं नाव कृतज्ञता म्हणून लावलं आणि त्यातून त्याच्या धंद्याची जाहिरात होत नसेल, तर ती देणगीच राहते. प्रकल्पाचं नाव, फलक, विक्री कार्यालयाचा पत्ता आला की संस्था जाहिरातीची सेवा विकतेय असं होतं. लहान संस्थेची उलाढाल मर्यादेखाली असली तर कर भरावा लागणार नाही, पण पावतीचा प्रश्न सुटत नाही. ज्या पैशाच्या बदल्यात जाहिरात दिली त्याची ८०जीची पावती फाडली, तर खोटं आपण लिहिलेलं असतं, सही आपल्या कार्यवाहांची असते. कंपन्यांच्या सामाजिक उत्तरदायित्वाच्या नियमांतही कंपनीला जाहिरातीचा फायदा देणारं प्रायोजकत्व धरलं जात नाही. म्हणजे समोरच्याचा हिशेबही त्यात बसत नाही. हे त्यांना शांतपणे सांगितलं तर त्यांनाही पटतं, निदान ऐकून घेतात.

चिठ्ठी आली, पाचच मिनिटं आहेत. तर पत्र.

आधी ठराव, मग पत्र. कार्यकारी मंडळाच्या सभेत ठराव करा, इतिवृत्तात नोंदवा आणि पत्रात ठराव क्रमांक व तारीख द्या. त्यामुळे नकार एका माणसाचा राहत नाही, आणि अध्यक्षांना लग्नात भेटून कुणी बदलवून घेऊ शकत नाही. सही कार्यवाहांची.

पत्रात आधी आभार माना, मनापासून, कारण त्या माणसाने पैसे द्यायची तयारी दाखवली आहे. मग एका वाक्यात निर्णय द्या: "आपला प्रस्ताव मांडलेल्या अटींसह स्वीकारता येत नाही." त्याखाली प्रत्येक अटीपुढे आपला नियम लिहा, कलमाच्या क्रमांकासकट. अटी चुकीच्या आहेत, हेतू चांगला नाही, असं काही लिहू नका. "पुढच्या वर्षी पाहू" हेही नको. ते वाचून माणूस पुढच्या वर्षी खरंच येतो, आणि तेव्हा रागावलेला असतो.

मग एक दार उघडं ठेवा, पण नेमकं. आम्ही लिहिलं होतं: विनाअट देणगी दिल्यास नियमाप्रमाणे नऊ इंच बाय सहा इंचांचा आभारफलक लावू आणि वार्षिक अहवालात नाव छापू. सभागृह त्यांना इतरांप्रमाणे दरपत्रकानुसार अर्ज करून एका दिवसासाठी मिळेल. त्यांनी फोन करून विचारलं, "सर, फलकावर प्रकल्पाचं नाव तरी?" मी म्हटलं, "साहेब, आपलं नाव किंवा आईवडिलांचं नाव आनंदाने लावू." ते म्हणाले, विचार करतो. देणगी आली नाही. पंखे सभासदांच्या वर्गणीतून आले, छताचं काम अजून अर्धं बाकी आहे.

शेवटचं, आणि हे लिहूनच घ्या. प्रस्तावासोबत धनादेश आला असेल तर निर्णय होईपर्यंत बँकेत भरू नका. भरून पावती दिली की तो पैसा संस्थेचा होतो. मग परत करायचा तर हिशेब तपासनीस कारण विचारतील, आणि ठेवायचा तर अटी गळ्यात. धनादेश पत्रासोबत परत पाठवा, त्याचा क्रमांक पत्रात लिहा आणि हातोहात दिला तर पोच घ्या. ती पोच इतिवृत्ताच्या वहीत त्या ठरावाच्या पानाला जोडा.

आता प्रश्न घेतो. मागे बसलेल्या ताईंनी हात केव्हाचा वर केलाय, आधी त्यांचा.