ळ कुणाचा?

मित्रहो, बालवाडीच्या आधीच्या मुलांसाठी, म्हणजे दोन-तीन वर्षांच्या मुलांसाठी, अक्षरांचा ॲनिमेटेड व्हिडिओ करायचा म्हटलं की लोक क पासून सुरुवात करतात. क सोपा आहे. मी तुम्हाला ळ पासून सुरुवात करायला सांगेन, कारण त्यात सगळ्या अडचणी एकदम समोर येतात.

पहिली अडचण उघड आहे. मराठीत ळ ने सुरू होणारा शब्द नाही. ण चीही तीच गत, म्हणून आपल्या अंकलिपीत ‘ण बाणाचा’ असतो. तेव्हा अक्षर शब्दाच्या शेवटी येणार, हे मान्य करून पुढे जायचं. शब्द निवडताना कसोटी एकच: चित्र आवाजाशिवाय दाखवून मुलाला विचारायचं, ‘हे काय?’ खटारा दाखवला तर मूल ‘गाडी’ म्हणतं, एडका दाखवला तर ‘मेंढी’. मग ख आणि ए कुठून ऐकू येणार? वस्तू ओळखीची असून भागत नाही, तिचं जे नाव मुलाच्या तोंडी आहे त्यात आपलं अक्षर हवं.

ळ साठी नळ घेऊ. मुलाला नळ माहीत असतो. आता कृती काय? थेंब पडतो, टप, टप, टप. झालं! तीनदा ऐकू आला तो ट. शिवाय बहुतेक ठिकाणी नळ आधीच न ला देऊन झालेला असतो. कृतीच्या आवाजात दुसरं अक्षर ठळक वाजत असेल, तर मूल तेच उचलतं. ही चूक पटकथेत दिसत नाही, डोळे मिटून नुसता ध्वनी ऐकला की लगेच कळते.

मग बाळ घेऊ. ब ला बदक आहे, तेव्हा भांडण नाही. बाळ लोळतंय, असं दाखवावंसं वाटतं, चित्रही गोड होतं. पण ‘लोळ’ मध्ये ल आधी येतो, आणि ल-ळ ची गल्लत या वयात अगोदरच असते. कित्येक मुलं बाळाला ‘बाल’च म्हणतात, ते स्वाभाविक आहे. तेव्हा लोळणं नको. बाळाच्या हातात खुळखुळा द्या. खुळ, खुळ, खुळ! आता कृतीचा आवाजच ळ म्हणतोय, आणि मुठ हलवणं बघणाऱ्या मुलालाही जमतं. जी कृती मुलाला स्वतःच्या अंगाने करता येत नाही, ती पुन्हा पुन्हा दाखवण्यात फार अर्थ नाही.

आता वेळेचं गणित. सेकंदाला २४ फ्रेम धरू. आधी पडद्यावर नुसता मोठा लाल ळ, दोन सेकंद, म्हणजे ४८ फ्रेम, स्थिर. मग बाळ येतं आणि आवाज येतो, ‘बाऽऽ…ळ’. यातला ‘बा’ लांबवायचा आणि खुळखुळ्याचा पहिला झटका बरोबर ळ वर पाडायचा. ‘बा’ वर झटका पडला तर आपण नकळत ब शिकवत असतो. नंतर हाच झटका तीनदा, अगदी त्याच चालीने. ॲनिमेटरला कंटाळा येतो आणि तिसऱ्या वेळी तो बाळाला टोपी घालतो. मग मूल टोपी बघतं.

पडद्यावर चेहरा असला की नजर तिकडेच जाते, त्यामुळे कोपऱ्यातलं अक्षर असून नसल्यासारखं. म्हणून झटके झाले की बाळ थांबवा आणि त्याच लयीत अक्षर हलवा, पण हलकंच. ते गोल फिरवू नका, उलटं करू नका. चमचा उलटा धरला तरी चमचाच राहतो, अक्षराचं तसं नाही, आणि हे मुलाला अजून ठाऊक नसतं. शेवटी दोनेक सेकंद पूर्ण शांतता ठेवा. ती जागा मुलाच्या आवाजाची आहे. संगीतकार ती हमखास भरून टाकतो, त्याला आधीच सांगून ठेवा.

एका अक्षराला असे वीस-एक सेकंद लागतात. सगळी वर्णमाला एका दमात नको, चार-पाच अक्षरं पुरे. ङ आणि ञ साठी ओढूनताणून वस्तू शोधू नका, ती या वयात गाळली तरी चालतात. आणि ल, श टाइप करत असाल तर फॉन्ट तपासा. पुष्कळ फॉन्ट हिंदी वळण देतात. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासननिर्णयात या दोन्ही अक्षरांचं मराठी वळण ठरवून दिलेलं आहे, तेच मुलाला पुढे पुस्तकात भेटणार.

व्हिडिओ जमला का, हे मूल हसलं यावरून ठरवू नका. दुसऱ्या दिवशी कागदावर काळ्या शाईत ळ काढून दाखवा. बाळ नाही, खुळखुळा नाही, व्हिडिओतला लाल रंगही नाही. मुलाने मूठ हलवली, तर कृती अक्षराला चिकटली. बाळाचं चित्र दाखवल्यावरच हलवली, तर ती चित्राला चिकटली आहे. आणि लाल ळ ला हलवली पण काळ्याला नाही, तर तुम्ही रंग शिकवलात. अशा वेळी पुढच्या आवृत्तीत प्रत्येक फेरीला अक्षराचा रंग बदला, बाकी काही हलवू नका.