रात्रीचा खोकला आणि नाकाचं पाणी

(सोलापुरात झालेल्या आरोग्य व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कडा शिवणाऱ्या एक ताई माझ्याकडे आल्या, तेव्हा त्यांच्या पिशवीत खोकल्याच्या औषधाच्या तीन बाटल्या होत्या. दिवसभर ठीक. रात्री अंथरुणाला पाठ टेकली, की दहा मिनिटांत घशात गुदगुल्या आणि मग खोकल्याची उबळ. उठून बसलं की जरा बरं. घरचे म्हणत होते, छातीत कफ झालाय. छातीचा एक्स-रे स्वच्छ होता आणि थुंकीची तपासणीही आधीच झाली होती. ती झाली होती हे चांगलं, कारण खोकला दोन आठवड्यांच्या वर गेला की आपल्याकडे आधी टीबी नाही ना, हे बघायलाच हवं.

मी त्यांना एकच विचारलं, सकाळी उठल्यावर काय होतं? म्हणाल्या, ‘शिंका. एकामागून एक. आणि सारखं खाकरावं लागतं.’ तोंड उघडून पाहिलं तर घशाच्या मागच्या भिंतीवर बारीक दाणे उठलेले, आणि वरून पातळ चिकट स्राव उतरत होता. म्हणजे खोकला घशात दिसत होता, पण मूळ नाकात होतं.

नाकात दिवसभर स्राव तयार होतच असतो आणि आपण तो नकळत गिळतो. ॲलर्जीनं तो वाढतो. आडवं झालं की तो घशाच्या मागे साचतो आणि तिथल्या खोकल्याच्या नसा चाळवतो. खोकल्याचं सिरप त्या नसा तासभर गप्प करेल, वरची गळती कशी थांबवणार?

ती थांबवण्याची सुरुवात मिठाच्या पाण्यानं नाक धुण्यापासून होते. तुमच्यातल्या काहींना जलनेती माहीत असेल, तेच. ताईंनी पहिल्या दिवशी नुसतं साधं पाणी नाकात घातलं. इतकं झोंबलं, की पुन्हा करणार नाही म्हणाल्या. पाण्यात मीठ रक्ताइतकं असलं, तर झोंबत नाही. एक लिटर पाण्याला नऊ ग्रॅम मीठ, म्हणजे बारीक मिठाचे दीड सपाट चमचे, आणि अर्धा चमचा खाण्याचा सोडा. आयोडीन नसलेलं मीठ घ्या. मोजायचा कंटाळा असेल तर मेडिकलमध्ये तयार पुड्या मिळतात.

पाण्याबाबत मात्र हयगय नको. आपल्याकडे नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं आणि ते टाकीत, पिंपात साठवलेलं असतं. असं पाणी पोटात गेलं तर आम्लात बरेच जंतू मरतात. नाकात ती सोय नाही. क्वचित पण जीवघेणा अमीबा याच वाटेनं मेंदूपर्यंत जातो. म्हणून पाण्याला खळखळून उकळी येऊन मिनिटभर जाऊ द्या, मग झाकून कोमट होऊ द्या. फिल्टरचं पाणीही उकळूनच वापरा. द्रावण त्याच दिवशी संपवा, बाटली धुऊन कोरडी ठेवा.

बेसिनवर पुढे वाका, मान थोडी तिरपी करा, तोंड उघडं ठेवून तोंडानं श्वास घ्या. वरच्या नाकपुडीत सोडलेलं पाणी खालच्या नाकपुडीतून बाहेर येतं. नंतर दोन्ही नाकपुड्या मोकळ्या ठेवून हळूच शिंकरा. जोर केला तर पाणी कानाकडे ढकललं जातं. नाक पूर्ण चोंदलेलं असेल तर त्या दिवशी जबरदस्ती नको. आणि हे झोपताना करू नका, निदान तासभर आधी करा. सायनसमध्ये उरलेलं पाणी आडवं झाल्यावर घशात उतरतं आणि माणसाला वाटतं, धुण्यानंच खोकला वाढला.

ताईंना धुतल्यानंतर स्टेरॉइडचा नाकाचा स्प्रे दिला. नळीचं टोक मधल्या पडद्याकडे नाही, बाहेर कानाच्या दिशेनं धरायचं. या स्प्रेचा पुरता गुण यायला आठवडा-दोन आठवडे लागतात. लोक तिसऱ्या दिवशी सोडतात. नाक झटकन मोकळं करणारे थेंब वेगळे. ते तीन ते पाच दिवसांपलीकडे घातले तर नाक उलट जास्त चोंदतं.

कामावर कापसाची धूळ होती, तिथे मास्क लावला. घरी जाड चादर महिनोन्‌महिने न धुता वापरली जात होती, ती आठवड्याला साठ अंश तापलेल्या पाण्यात धुवायला सांगितली. धुळीतले बारीक किडे तेवढ्या उष्णतेनं मरतात. पावसाळ्यानंतर गाजर गवत फुलतं, तेव्हा त्रास वाढतो, हेही त्यांना आधीच सांगून ठेवलं. तीन आठवड्यांनी आल्या तेव्हा रात्र सलग झोपून जात होती, शिंका मात्र अजून होत्या.

सगळ्यांचाच खोकला असा जात नाही. छातीत सूं-सूं वाजत असेल तर दम्याची तपासणी करा. आंबट ढेकर, छातीत जळजळ असेल तर पोटाचं आम्ल वर येतंय का पाहा. रक्तदाबासाठी रॅमिप्रिल किंवा एनालाप्रिल सुरू असेल तर डॉक्टरांना सांगा, त्यानं कोरडा खोकला होऊ शकतो. गोळी स्वतःहून बंद मात्र करू नका. आणि रक्त पडलं, वजन घटलं, संध्याकाळचा ताप येऊ लागला, किंवा एकाच नाकपुडीतून सतत स्राव येत राहिला, तर मिठाचं पाणी बाजूला ठेवा आणि दवाखाना गाठा.