रुपया पडला, तरी महागच राहिला

मंडळी, रुपया घसरला की निर्यातदाराला फायदाच होतो का, हा एकच प्रश्न आज सोडवायचा आहे, पण मुळापासून. सोलापूरच्या टॉवेलचं उदाहरण घेऊ. आकडे सोयीसाठी मी मनाने घेतले आहेत. समजा, एक कारखानदार डझनभर टॉवेल अमेरिकेला १० डॉलरला विकतो. डॉलरचा भाव ८० रुपये, म्हणजे हातात ८०० आले. सूत, रंगाई, वीज, मजुरी धरून खर्च ७६०. डझनामागे ४० रुपये सुटले.

आता पाच वर्षं पुढे जाऊ. या काळात आपल्याकडे दरवर्षी ६ टक्के महागाई झाली, अमेरिकेत २ टक्के, आणि डॉलर ९० रुपयांवर गेला. रुपया घसरला, निर्यातदाराला फायदा, असं लगेच म्हटलं जातं. कारखानदाराच्या वहीत काय दिसतं ते पाहू.

टॉवेलचा भाव तिथल्या महागाईबरोबर वाढला असं धरू. पाच वर्षांत १० डॉलरचे ११.०४ झाले. ९० ने गुणलं की सुमारे ९९४ रुपये. इकडे खर्च दरसाल ६ टक्क्यांनी चढत ७६० चा १०१७ झाला. डझनामागे २३ रुपये तोटा! डॉलर १० रुपयांनी महागला आणि तरीही माणूस नफ्यातून तोट्यात गेला.

मग डॉलर किती व्हायला हवा होता? इथे क्रयशक्ती समानता कामाला येते. पहिल्या महायुद्धाच्या काळात स्वीडनचे गुस्ताव्ह कासेल यांनी ती या नावाने मांडली. त्यांच्यापुढचा प्रश्नही हाच होता: युद्धात प्रत्येक देशात महागाई वेगवेगळी झाली, मग चलनांचे दर आता कुठे ठरवायचे? उत्तर असं, की दोन देशांच्या महागाईत जेवढी तफावत, तेवढा विनिमय दर हलला पाहिजे. एका वर्षाचा हिशेब ८० गुणिले १.०६ भागिले १.०२, म्हणजे ८३.१४. पुष्कळ विद्यार्थी ६ मधून २ वजा करून थेट ४ टक्के लावतात. एका वर्षापुरतं ते चालून जातं, ८३.२० येतात. पण तफावत मोठी असेल किंवा वर्षं जास्त असतील तर भागाकारच करायचा. पाच वर्षांचा आकडा येतो सुमारे ९७. त्या भावाने टॉवेलचे १०७१ रुपये आले असते आणि सुमारे ५४ रुपये सुटले असते. पूर्वीच्या ४० रुपयांना आज तेवढंच मोल आहे.

प्रत्यक्षातल्या ९० ला ९७ ने भागा. ०.९३ येतात. हा वास्तव विनिमय दराचा बदल. उलट ९७ ला ९० ने भागलं तर १.०८ येतात. म्हणजे बाजारात रुपया पडला, पण वास्तवात परदेशी गिऱ्हाइकासाठी आपला माल सुमारे ८ टक्क्यांनी महाग झाला.

इथे एक मोठा गोंधळ होतो. जागतिक बँकेने देशोदेशीच्या किमतींची जी तुलना केली, तिच्यात २०१७ साली क्रयशक्तीनुसार एका डॉलरची बरोबरी २०.६५ रुपयांशी होती, म्हणजे तिकडे डॉलरला जे मिळतं ते इथे तेवढ्यात मिळत होतं, आणि बाजारात डॉलर होता ६५.१२. यावरून अनेकजण ठामपणे सांगतात की डॉलरचा खरा भाव २१ रुपयेच आहे. हे चूक आहे. त्या २०.६५ मध्ये दाढी-कटिंग आहे, घरभाडं आहे, शाळेची फी आहे. सोलापुरातली स्वस्त कटिंग बोटीत घालून न्यूयॉर्कला विकता येत नाही, त्यामुळे ती किंमत विनिमय दराला खाली खेचू शकत नाही. गरीब देशात मजुरी कमी, म्हणून अशा सेवा स्वस्त. देश श्रीमंत होत जातो तशा त्या महागतात. हे अंतर बरीच दशकं राहू शकतं. म्हणून दराची पातळी नव्हे, एखाद्या वर्षापासून झालेला बदल पाहायचा.

पण ते वर्ष कोणतं? आपल्या उदाहरणात सुरुवातीचे ८० योग्य होते असं मी गृहीत धरलं. तेव्हाच रुपया फार स्वस्त असेल, तर ८ टक्क्यांची वाढ ही केवळ दुरुस्ती ठरेल. रिझर्व्ह बँक ४० देशांच्या चलनांशी तुलना करून वास्तव विनिमय दराचा निर्देशांक काढते, २०१५-१६ हे वर्ष १०० धरून. तो १०५ दिसला तर रुपया ‘५ टक्के जास्त महाग’ असं छापून येतं. त्याचा अर्थ इतकाच, की त्या वर्षाच्या मानाने महाग.

आणखी एक, महागाई कोणती मोजायची? २०१२ हे वर्ष पायाभूत धरलेल्या ग्राहक किंमत निर्देशांकात खाण्यापिण्याचं वजन ४६ टक्क्यांच्या आसपास आहे. कांदा कडाडला की निर्देशांक चढतो, आणि हिशेबात रुपया महाग दिसू लागतो. सोलापूरच्या मागावर मात्र त्या महिन्यात सुताचा भाव उतरलेलाही असू शकतो. आपल्या कारखानदाराने ६ टक्क्यांच्या जागी स्वतःच्या खर्चाची वाढ घालून पाहावी. ती ४ टक्केच निघाली, तर खर्च ९२५ च्या आसपास राहतो आणि त्याच ९० च्या डॉलरवर डझनामागे जवळजवळ ७० रुपये सुटतात.