दोन नाणी: शक्यता तीन की चार?

शिक्षकमित्रहो, संभाव्यतेचा तास आखताना मी सूत्र मागे ठेवतो आणि एका प्रश्नाने सुरुवात करतो: दोन नाणी एकदम उडवली, तर दोन छापे, दोन काटे आणि एक छापा-एक काटा यांपैकी काय अधिक वेळा पडेल? वर्गातील बरीच मुले तिन्ही शक्यता सारख्याच मानतात. त्यांना हसू नये. फ्रेंच गणिती दालाँबेर यांनी 1754 मध्ये, थोड्या वेगळ्या वाटेने का होईना, अशाच तीन शक्यता समान धरल्या आणि दोन फेकींत किमान एक छापा पडण्याची संभाव्यता 3/4 ऐवजी 2/3 सांगितली.

अंदाज पेनने लिहून घ्यावा, कारण पेन्सिलीने लिहिलेला अंदाज निकाल पाहून हळूच बदलतो. मग चाळीस मुलांच्या वीस जोड्या कराव्यात आणि प्रत्येक जोडीला एक रुपयाचे व पाच रुपयांचे अशी दोन नाणी द्यावीत. नाणी डब्यात झाकण लावून हलवली की बाकाखाली घरंगळत नाहीत. प्रत्येक जोडीने वीस फेकी कराव्यात आणि नुसत्या खुणा न करता दोन्ही नाण्यांचे निकाल क्रमाने लिहावेत.

हा क्रम पुढे फार उपयोगी पडतो. कंटाळलेली जोडी मनानेच निकाल भरते, तेव्हा ती छापा-काटा आलटून-पालटून लिहिते. प्रत्यक्षात एकाच नाण्याच्या वीस फेकींत सलग चार सारखे निकाल चारपैकी सुमारे तीन वेळा दिसतात.

तुलनेची घाई मात्र करू नये. तीन शक्यता समान असत्या, तर वीस फेकींत मिश्र निकाल सातच्या आसपास आला असता. खरी अपेक्षा दहाची आहे. तरीही वीस जोड्यांपैकी दोन-तीन जोड्यांना सात किंवा त्याहून कमी मिश्र निकाल मिळणे अगदी स्वाभाविक आहे, आणि ती मुले विजयी मुद्रेने हात वर करतात! त्यांचे आकडे खोडू नयेत, फळ्यावर सर्वांच्या आकड्यांत मिळवावेत. चारशे फेकींत मिश्र निकाल बहुधा 180 ते 220 यांच्या दरम्यान येतो, आणि तीन समान शक्यतांनी सांगितलेला 133 हा आकडा त्यापासून दूर राहतो. आता मुलांनी आपल्याच नोंदी पुन्हा वाचाव्यात: रुपयाला छापा-पाचला काटा आणि रुपयाला काटा-पाचला छापा या ओळी वेगवेगळ्या लिहिलेल्या आहेत. नमुना अवकाशातील चार घटक असे त्यांच्याच वहीत सापडतात.

फाशांसाठी दुसरा तास ठेवावा. एक लाल, एक पांढरा फासा घ्यावा. बेरीज सात का अधिक पडते, हे मुले आता स्वतः सांगतात, पण नवी चूक डोके वर काढते: तीन-चार आणि चार-तीन वेगळे, तर तीन-तीनही दोनदा मोजायचे का? अशा मुलाला ‘लाल तीन, पांढरा तीन’ ही नोंद दुसऱ्या प्रकारे लिहून दाखवायला सांगावे. तो खडू घेऊन फळ्यापाशी जातो आणि थबकतो.