उशी केव्हा दाबायची

[दृश्य: सर्जिकल वॉर्ड, सकाळ. खाटेशेजारच्या लॉकरवर पाण्याची बाटली, श्वासाच्या व्यायामासाठीचा तीन चेंडूंचा स्पायरोमीटर आणि एक छापील कागद.]

या कागदावर चार ओळी आहेत. दीर्घ श्वास घ्या. काही सेकंद रोखा. उशीने जखमेला आधार द्या. खोका. ऑपरेशननंतर बहुतेक रुग्णांच्या हातात असा कागद पडतो, आणि तो बहुतेक वेळा औषधांच्या पिशवीत जातो. चारही ओळी बरोबर आहेत, पण त्या नेमक्या कशा पाळायच्या हे त्यांत नाही.

[दृश्य: खाटेवर साठीच्या आसपासचे गृहस्थ, डोक्याकडचा भाग उंच केलेला. ते घसरून खाली आले आहेत.]

या काकांचं पित्ताशय काल काढलं. हे ऑपरेशन आता बहुधा दुर्बिणीतून होतं, पण पित्ताशयाला फार सूज असली आणि आतले भाग एकमेकांना चिकटलेले असले, तर पोट उघडावं लागतं. काकांचं तसंच झालं. उजव्या बरगड्यांच्या खालून, बरगडीच्याच तिरप्या रेषेत, साधारण १५ सेंटीमीटरचा छेद आहे. बाजूला ड्रेनची, म्हणजे आत साचणारं पाणी बाहेर काढणारी नळी आहे. तीस वर्षं विडी ओढलेली आहे.

ते शांत पडून आहेत आणि नातेवाइकांना वाटतं, बरं आहे, झोपू दे. पण त्यांच्या छातीकडे मिनिटभर नीट पाहा. मिनिटाला २४ श्वास, आणि प्रत्येक श्वास उथळ. बोलताना घशात घरघर ऐकू येते. बोटाला लावलेल्या ऑक्सिमीटरवर ९३ दिसतात.

[दृश्य: आकृती. फुप्फुसं, त्याखाली घुमटासारखा स्नायू, म्हणजे श्वासपटल, त्याखाली छेदाची तिरपी रेघ.]

श्वास घेताना निम्म्याहून जास्त काम श्वासपटल करतो. वरच्या पोटात शस्त्रक्रिया झाली की तो काही दिवस मंदावतो. दुखणं हे त्याचं एक कारण आहे; दुसरं असं, की आतल्या अवयवांना हात लागल्यामुळे त्याला हलवणाऱ्या नसेला मिळणारे संदेशच कमी होतात. म्हणून दुखणं चांगलं आटोक्यात असलेल्या रुग्णाचाही श्वास उथळ राहतो. पहिल्या दिवशी पूर्ण ताकदीने घेतलेला श्वाससुद्धा ऑपरेशनआधीच्या जेमतेम निम्मा भरतो.

निरोगी माणूस नकळत तासातून काही वेळा मोठा सुस्कारा टाकतो. त्या एका सुस्काऱ्याने फुप्फुसाच्या तळाशी मिटत आलेल्या हवेच्या पिशव्या पुन्हा उघडतात. ऑपरेशननंतर हे सुस्कारे जवळजवळ थांबतात. तळाचे, पाठीकडचे भाग मिटू लागतात. त्यातच भूल आणि श्वासनलिकेत घातलेली नळी यांमुळे कफ वर ढकलणारे सूक्ष्म केस सुस्तावलेले असतात. विडीने ते आधीच अर्धे निकामी केलेले. कफ लहान नळीत अडकला की त्याच्या पलीकडची हवा रक्तात शोषली जाते आणि तो भाग पूर्ण बसतो. अशा बसलेल्या भागात कफ साचून राहिला, तर न्यूमोनिया व्हायला वेळ लागत नाही.

म्हणजे दोन वेगळी कामं आहेत. मिटलेला भाग उघडायला श्वास, आणि कफ बाहेर काढायला खोकला. क्रमही हाच, कारण कफाच्या मागे हवा पोचल्याशिवाय खोकल्याला ढकलायला काही उरत नाही.

[दृश्य: फिजिओथेरपिस्ट काकांना बसवताना.]

आधी वेळ बघायची. दुखणं कमी करणारं औषध शिरेतून दिलं असेल तर पंधरा-वीस मिनिटांनी, गोळी दिली असेल तर अर्ध्या-पाऊण तासाने सुरुवात करायची. पोटभर प्यायल्या-खाल्ल्यानंतर लगेच नाही.

मग बसायचं कसं. सरळ उठायला गेलं की सगळा ताण छेदावर येतो. म्हणून गुडघे दुमडायचे, उशी जखमेवर धरायची, कुशीवर वळायचं, पाय खाटेखाली सोडायचे आणि कोपराने रेटा देऊन उठायचं. ड्रेनची पिशवी आधी सोडवून घ्यायची. नळी अंगाखाली गेली की उठताना हिसका बसतो. तळवे जमिनीवर किंवा स्टुलावर टेकलेले हवेत. पाय लोंबकळत असले की पोटाचे स्नायू ताठ राहतात. बसणं शक्यच नसेल तर खाटेचा वरचा भाग उचलून चालतं, पण काका मघाशी होते तसे घसरलेले नकोत. घसरलेल्या माणसाचं पोट खालून फुप्फुसांवर दाबतं.

[दृश्य: हात छातीच्या खालच्या बाजूंना टेकलेले.]

आता श्वास. हात खालच्या बरगड्यांवर, दोन्ही बाजूंना. नाकातून सावकाश श्वास घ्यायचा आणि तो हातांना बाहेर ढकलतो का ते पाहायचं. नाकात नळी असेल तर तोंडाने घेतला तरी हरकत नाही. खांदे वर गेले म्हणजे हवा वरच्या भागातच फिरली, आणि तिथे अडचण नव्हतीच. श्वास पूर्ण भरल्यावर तीन ते पाच सेकंद रोखायचा, कारण मिटलेल्या पिशव्या झटक्याने उघडत नाहीत, हवेला आडवाटेने तिथवर पोचायला तेवढा अवधी लागतो. मग तोंडाने सहज सोडायचा, जोर न लावता.

दहा श्वासांचा एक संच. पहिल्या दिवशी दहा सलग जमत नाहीत, आणि जमवायला जाऊही नये. चार-पाच श्वासांनंतर थांबून साधा श्वास घ्यायचा. चक्कर आली, ओठांभोवती किंवा बोटांना मुंग्या आल्या, तर श्वास फार भरभर झाले असं समजायचं.

लॉकरवरच्या स्पायरोमीटरबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, कारण वॉर्डात सर्वाधिक गोंधळ त्याचाच असतो. अनेक जण त्यात फुंकतात. तो ओढायचा असतो. आणि तिन्ही चेंडू एकदम वर नेणं म्हणजे जिंकणं नव्हे. चेंडूंवरचे ६००, ९०० आणि १२०० हे आकडे हवेचा वेग दाखवतात, किती हवा भरली ते नाही. हिसक्याने ओढलं तर तिन्ही चेंडू उडतात आणि क्षणात पडतात, तळापर्यंत काहीच पोचत नाही. एक चेंडू वर नेऊन तो तीन सेकंद तरंगत ठेवणारा श्वास अधिक कामाचा. खरं तर हे उपकरण नसलं तरी फारसं बिघडत नाही. वरच्या पोटाच्या ऑपरेशननंतर त्याने साध्या दीर्घ श्वासापेक्षा जास्त फायदा होतो, असं अभ्यासांतून दिसलेलं नाही.

[दृश्य: चादरीची घडी होताना. मग ती काकांच्या पोटावर.]

आता उशी. दवाखान्याची जाड, मऊ उशी इथे उपयोगाची नाही. दाबलं की ती स्वतःच दबते आणि जखमेला आधार पोचत नाही. चादर किंवा मोठा टॉवेल घट्ट घडी करून दोन वीत लांब, चार बोटं जाड असा गठ्ठा केला तर उत्तम.

खोकताना पोटाचे स्नायू जोरात आवळतात, पोटातला दाब वाढतो आणि छेदाच्या कडा बाहेर ढकलल्या जातात. दुखतं ते या ताणाने. गठ्ठ्याने बाहेरून तेवढाच दाब दिला की कडा जागच्या जागी राहतात. काकांचा छेद तिरपा आहे, म्हणून गठ्ठाही तिरपा, छेदाच्या दोन्ही टोकांना पुरून उरेल असा. त्यावर दोन्ही हात, आणि उजवं कोपर कुशीला घट्ट, कारण छेदाचं बाहेरचं टोक तिकडे आहे. छेद पोटाच्या मध्यावर उभा असता तर गठ्ठा उभा धरून, बोटं एकमेकांत गुंफून, दोन्ही हातांनी कवटाळला असता. ड्रेनची नळी गठ्ठ्याखाली सापडू द्यायची नाही.

[दृश्य: काका गठ्ठा पोटावर गच्च दाबून श्वास घेऊ पाहतात. जमत नाही.]

‘काका, उशी आत्ता दाबू नका. आधी श्वास घ्या, उशी नुसती टेकलेली असू द्या.’

कागदावर नसलेली गोष्ट ही. दुखेल या धास्तीने जवळजवळ प्रत्येक जण आधी दाबतो आणि मग श्वास घ्यायला जातो. छेद बरगडीला लागून आहे. तिथे दाबलं की खालच्या बरगड्या फाकतच नाहीत. श्वास अर्धा राहतो, अर्ध्या श्वासावर खोकला पोकळ निघतो, कफ जागचा हलत नाही, आणि दुखतं मात्र पूर्ण. म्हणून श्वास घेताना गठ्ठा सैल. श्वास भरला की किंचित पुढे वाकायचं, गठ्ठा आत दाबायचा, आणि त्याच क्षणी खोकायचं. खोकला संपेपर्यंत दाब तसाच, मग हळू सोडायचा.

[दृश्य: काका तोंड उघडून ‘हा’ करत हवा सोडतात.]

थेट खोकण्याआधी एक-दोन हफ करून घेतले तर बरं पडतं. चष्म्याची काच पुसण्याआधी आपण तोंड उघडून तिच्यावर वाफ सोडतो, तोच प्रकार, फक्त जोरात आणि लांब. घसा उघडा राहतो, त्यामुळे दुखणं कमी आणि लहान नळ्यांतला कफ वर सरकतो. छातीत खरखर ऐकू आली की मग खोकायचं. सलग दोनदा: पहिल्याने सुटतो, दुसऱ्याने निघतो. घशातल्या घशात खाकरणं म्हणजे खोकणं नव्हे. आवाज छातीतून यायला हवा.

काकांचे पहिले दोन प्रयत्न वाया गेले. तिसऱ्या वेळी वेळ जुळली आणि घट्ट, पिवळसर बेडका पडला. तो गिळायचा नाही, सिस्टरना दाखवायचा. दहा मिनिटांनी ऑक्सिमीटरवर ९५. दुपारपर्यंत पुन्हा ९४ होतील, आणि म्हणूनच हे जागेपणी दर तासाला करायचं: दहा श्वास, दोन-तीन खोकले, पुन्हा दहा श्वास, पुन्हा खोकले. सकाळ-संध्याकाळ दोनदाच केलं, तर मधल्या तासांत फुप्फुस मिटतंच. बसणं आणि वॉर्डात चालणं हे याच्या जोडीला.

[दृश्य: काकांची पत्नी ड्रेसिंगकडे बघते.]

‘टाके तुटणार नाहीत ना?’

दिसतात ते कातडीचे टाके. पोटाचा भार आतल्या जाड पापुद्र्याच्या टाक्यांवर असतो, आणि ते खोकल्याचा ताण धरूनच घातलेले असतात. धोका जास्त असतो तो आधाराशिवाय अचानक उसळणाऱ्या खोकल्याचा, आणि साचलेला कफ तोच आणतो. तरीही, बहुधा पहिल्या दहा-बारा दिवसांत, जखमेतून एकाएकी गुलाबी पाणी वाहू लागलं किंवा आत काही सुटल्यासारखं वाटलं, तर व्यायाम तिथेच थांबवायचा, गुडघे दुमडून पडून राहायचं आणि लगेच सर्जनना बोलवायचं. ताप, बसल्या जागी धाप, कफात रक्त, छातीत टोचणं किंवा एका पोटरीला सूज, यांतलं काही झालं तर ते कळवायला पुढच्या राउंडची वाट बघायची नाही.

[दृश्य: ऑपरेशनआधीची ओपीडी. दुसरा रुग्ण, न कापलेल्या पोटावर गठ्ठा धरून सराव करताना.]

हे सगळं काकांना आज, दुखत असताना शिकावं लागलं. ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमधल्या रुग्णालयांत ४४१ रुग्णांवर झालेला एक अभ्यास २०१८ साली प्रसिद्ध झाला. वरच्या पोटाच्या ऑपरेशनआधी फिजिओथेरपिस्टने अर्धा तास बसून हेच श्वास आणि खोकला शिकवला, तेव्हा फुप्फुसाच्या तक्रारी २७ टक्क्यांवरून १२ टक्क्यांवर आल्या. दुसऱ्या गटाला नुसतं माहितीपत्रक दिलं होतं.

[दृश्य: काका, तिसरा दिवस, खुर्चीत. गठ्ठा मांडीवर.]

गठ्ठा आता मांडीवरच असतो. खोकल्यासाठी, हसण्यासाठी, आणि घरी जाताना रिक्षाच्या खड्ड्यांसाठीही. शिंकेला तर श्वास भरून मग दाबण्याइतका वेळच मिळत नाही. तिथे जसा हाती येईल तसा पोटाला लावायचा.