फिरत्या बादलीतल्या पाण्याचा आकार

मित्रहो, आज आपण एकच प्रश्न घेणार आहोत. पाण्याने अर्धवट भरलेली बादली तिच्या उभ्या अक्षाभोवती एकसारख्या वेगाने फिरत असेल, तर पाण्याचा पृष्ठभाग मध्ये खोल आणि कडेला उंच होतो, हे बहुतेकांना ठाऊक असते. परंतु ती खोली किती, तो वक्र नेमका कोणता, आणि केवळ बादलीच्या फिरण्याच्या वेगावरून तो कसा काढता येतो, हे पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे. हिशेबासाठी सरळ उभ्या भिंतींची, 14 सेंटीमीटर त्रिज्येची बादली घेऊ. तिच्यात 10 सेंटीमीटर खोल पाणी आहे आणि ती मोटरवर चालणाऱ्या फिरत्या चकतीवर बरोबर मध्यभागी ठेवली आहे, असे समजू.

बराच वेळ फिरल्यानंतर बादलीतले सगळे पाणी बादलीबरोबरच फिरू लागते. पाण्याच्या एका थराची शेजारच्या थराशी घसरण उरत नाही, आणि आपल्या पुढच्या सगळ्या युक्तिवादाचा पाया हाच आहे. द्रवाचे थर एकमेकांवरून घसरत नसतील, तर ते एकमेकांना पृष्ठभागाला समांतर ओढू शकत नाहीत. त्यामुळे पृष्ठभागावरच्या एखाद्या कणाला भोवतालचे पाणी जो रेटा देते, तो पृष्ठभागाला काटकोनातच असतो. त्या कणावर दुसरे बल फक्त त्याच्या वजनाचे, म्हणजे खाली mg. कण अक्षापासून r अंतरावर असेल आणि कोनीय वेग ω असेल, तर तो वर्तुळात फिरत राहण्यासाठी अक्षाच्या दिशेने mω²r एवढे बल लागते. हे बल देणारे तिथे दुसरे काहीच नाही, म्हणून ते त्या काटकोनी रेट्यातूनच आले पाहिजे, आणि तसे ते येण्यासाठी पृष्ठभागाला आतल्या बाजूला कलावेच लागते. रेट्याचा उभा घटक वजन पेलतो आणि आडवा घटक कणाला वळवतो. दोहोंचे गुणोत्तर म्हणजेच त्या ठिकाणी पृष्ठभागाचा चढ:

dz/dr = ω²r / g

समीकरणातून m नाहीसा झाला आहे, याकडे कृपया लक्ष द्यावे. घनतेचा या आकाराशी काहीही संबंध नाही. बादलीत पाणी असो, तेल असो की पारा, त्याच वेगाला तोच वक्र मिळतो.

आता हा चढ मध्यभागी शून्य आहे आणि बाहेर जाताना अंतराच्या प्रमाणात वाढत जातो. समाकलन केले की उंची z मिळते, त्यात z₀ ही मध्यभागची उंची:

z = z₀ + ω²r² / 2g

उंची अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे उभा छेद अन्वस्ताचा आहे. ज्यांना समाकलनाची सवय नाही, त्यांनी असा विचार करावा: चढ शून्यापासून एकसारखा वाढत जात असेल, तर सरासरी चढ कडेच्या चढाच्या निम्मा असतो, आणि त्याला त्रिज्येने गुणले की मध्यापासून कडेपर्यंतची एकूण उंची मिळते. सूत्राच्या छेदस्थानी 2 येतो तो या निम्मेपणामुळे.

आपली बादली मिनिटाला 60 फेरे घेत असेल, तर ω म्हणजे सेकंदाला 6.28 रेडियन. कडेजवळ चढ सुमारे 0.56 येतो, म्हणजे पृष्ठभाग तिथे क्षितिजाशी जवळजवळ 29 अंशांचा कोन करतो. सरासरी चढ 0.28, त्रिज्या 14 सेंटीमीटर, तेव्हा मध्य आणि कड यांतला फरक सुमारे 3.9 सेंटीमीटर. हा फरक वर-खाली कसा वाटला जातो, हे पाण्याचे घनफळ ठरवते. अन्वस्ताकार खड्ड्याचे घनफळ त्याच तोंडाच्या आणि त्याच खोलीच्या वृत्तचितीच्या बरोबर निम्मे असते. म्हणून मध्य जितका खाली जातो तितकीच कड वर चढते, इथे प्रत्येकी जवळपास 2 सेंटीमीटर. बादलीची त्रिज्या R धरली, तर मूळ पातळीवरच राहणारे वर्तुळ अक्षापासून R/√2, म्हणजे 9.9 सेंटीमीटरवर असते, आणि वेग वाढवला तरी ते हलत नाही. (घरातल्या बादल्या तोंडाकडे रुंदावत जातात. तिथेही आकार अन्वस्तच राहतो, पण निम्म्या-निम्म्याचा हा हिशेब लागू पडत नाही.)

वेग दुप्पट केला की फरक चौपट, म्हणजे साधारण 16 सेंटीमीटर. मिनिटाला 135 फेऱ्यांच्या सुमारास तो 20 सेंटीमीटर होतो, आणि 10 सेंटीमीटर पाण्यात मध्य थेट तळाला टेकतो. त्याच वेळी कडेचे पाणी तळापासून 20 सेंटीमीटरवर असते, त्यामुळे बादली तेवढी उंच नसेल तर पाणी आधीच सांडलेले असेल. तळ उघडा पडल्यावर वक्राचे सूत्र बदलत नाही. मात्र मध्याला आणखी खाली जायला जागा नसल्यामुळे घनफळाचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

प्रत्यक्ष मापनात सगळ्यांत जास्त फसवणूक होते ती घाईमुळे. न्यूटनने 1687 मध्ये ‘प्रिन्सिपिया’त दोरीला टांगलेल्या बादलीचे वर्णन केले आहे, त्यात बादली फिरू लागते तेव्हा पाणी प्रथम सपाटच असते आणि मग हळूहळू खोलगट होत जाते. नुसत्या भिंतीच्या घर्षणाने गती आतपर्यंत पोचायची असती, तर आपल्या बादलीला काही तास लागले असते. प्रत्यक्षात तळालगतचा पातळ थर पाण्याला बाहेर फेकतो, त्यामुळे पाण्याचे हळू अभिसरण सुरू होते आणि त्याच्यावाटे काही मिनिटांतच सगळे पाणी बादलीच्या गतीला येते. ते आले की नाही हे ओळखण्यासाठी मध्याजवळ आणि कडेजवळ कागदाचे कपटे टाकावेत व बादलीच्या काठावर खूण करावी. कपटे खुणेच्या मागे पडत असतील, तर अजून थांबायला हवे. पळीने ढवळलेल्या पाण्याला हे सूत्र लावू नये, कारण तिथे आतल्या आणि बाहेरच्या पाण्याचा कोनीय वेग एकच नसतो. भिंतीला अगदी खेटूनही मोजू नये, कारण तिथे पृष्ठताणामुळे पाणी काही मिलिमीटर वर ओढले गेलेले असते. आणि बादली चकतीच्या मध्यावर नसेल, तर अन्वस्ताचा तळबिंदू बादलीच्या मध्यावर मिळणार नाही, तो फिरण्याच्या अक्षावरच राहील.

फिरत्या द्रवाचा हाच आकार दुर्बिणीच्या आरशासाठीही उपयोगी पडतो, कारण अन्वस्ताकार आरसा अक्षाला समांतर येणारे किरण एका बिंदूत आणतो. आपल्या समीकरणाची अन्वस्ताच्या z = r²/4f या समीकरणाशी तुलना केली, तर नाभीय अंतर f = g/2ω² येते. नैनितालजवळ देवस्थळ येथे 4 मीटर व्यासाची एक दुर्बीण आहे, जिचा आरसा म्हणजे फिरत्या पात्रात पसरलेला पाऱ्याचा पातळ थर आहे. तिचे नाभीय अंतर 8 मीटर. सूत्रात घातले की ω सेकंदाला सुमारे 0.78 रेडियन, म्हणजे एक फेरा साधारण 8 सेकंदांत. कड मध्यापेक्षा केवळ साडेबारा सेंटीमीटर उंच असते. ही दुर्बीण फक्त माथ्यावरचेच आकाश पाहू शकते, कारण अक्ष कलवला की प्रत्येक कणाला फेऱ्यातल्या प्रत्येक क्षणी वेगळा चढ लागेल आणि पाऱ्याला स्थिर आकार धरताच येणार नाही. शिवाय f हे ω च्या वर्गावर अवलंबून असल्यामुळे वेगात दहा लाखांत एका भागाची चूक झाली, तर नाभीय अंतरात दहा लाखांत दोन भागांची होते, म्हणजे 8 मीटरमध्ये 16 मायक्रोमीटर. एवढ्यासाठी पात्र फिरवणाऱ्या मोटरचा वेग सतत मोजून जागेवर ठेवावा लागतो.