आकडे तेच, तारीख मात्र नवीन! मजकूर कापताना नेमकं काय होतं?

नमस्कार मंडळी. साताऱ्याहून बोलतोय, आणि आज तुमच्यासमोर एक उतारा कापणार आहे. एकदा नाही, तीनदा. कुठलाही आकडा मी मुद्दाम बदलणार नाही. तरीही तिसऱ्या फेरीनंतर पडद्यावर अशी एक तारीख येईल, जी मूळ उताऱ्यात कुठेच नव्हती.

समजा पाटणच्या एका शाळेत प्रदर्शन आहे, कोयनेच्या भूकंपावर. फलकावर चाळीस शब्द मावतात. हातातला मजकूर आहे ऐंशीच्या आसपास. हा बघा.

(पडद्यावर मूळ उतारा)

"११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी सातारा जिल्ह्यात, पाटण तालुक्यातील कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. त्याची तीव्रता काही अभ्यासांत ६.३, तर काहींत ६.५ दिलेली आढळते. सुमारे १८० जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला पाचाहून अधिक तीव्रतेचा धक्का बसला होता. कोयना धरणाच्या शिवसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागल्यावर परिसरात धक्के वाढले होते. या पाण्याने भूकंपाला चालना दिली, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात. १९८५ पासून दक्षिणेकडील वारणा जलाशय भरू लागला, त्यानंतर धक्क्यांचे क्षेत्र त्या बाजूलाही पसरले."

आता पहिली फेरी. वेळ काढू, तालुका काढू, दोन तीव्रतांपैकी एकच ठेवू. शेवटचं वाक्य आटपू.

(पडद्यावर पहिली फेरी)

"११ डिसेंबर १९६७ रोजी सातारा जिल्ह्यातील कोयनानगर परिसरात ६.५ तीव्रतेचा भूकंप होऊन १८० जणांचा मृत्यू झाला. त्याच वर्षी १३ सप्टेंबरलाही मोठा धक्का बसला होता. शिवसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागल्यावर परिसरात धक्के वाढले होते. पाण्यामुळे भूकंपाला चालना मिळाली असे मानले जाते. १९८५ पासून वारणा भागातही धक्के जाणवू लागले."

वाचायला सुटसुटीत झालं, नाही का? बहुतेक जण इथे समाधानाने मान डोलावतील. पण अजून एकोणपन्नास शब्द आहेत. शिवाय कुणीतरी म्हणतं, "अहो, गोष्ट आधीपासून सांगा की, धरणापासून सुरुवात करा." सूचना चांगलीच आहे. म्हणून दुसऱ्या फेरीत १९६२ चं वाक्य वर येतं.

(पडद्यावर दुसरी फेरी)

"शिवसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागल्यावर कोयना-वारणा परिसरात धक्के वाढले. त्याच वर्षी १३ सप्टेंबरला मोठा धक्का बसला. ११ डिसेंबर १९६७ च्या ६.५ तीव्रतेच्या भूकंपात १८० जणांचा मृत्यू झाला."

व्हिडिओ इथे थांबवा आणि मधलं वाक्य पुन्हा वाचा. "त्याच वर्षी १३ सप्टेंबरला." त्याच म्हणजे कोणत्या? मूळ उताऱ्यात हे वाक्य १९६७ च्या पाठोपाठ होतं. आता ते १९६२ च्या पाठोपाठ आहे. "त्याच वर्षी" या शब्दांना कुणी हात लावला नाही, त्यांचा शेजारी तेवढा बदलला. आणि सप्टेंबरचा धक्का एका झटक्यात पाच वर्षं मागे गेला.

आता तिसरी फेरी. हे काम दुसऱ्याकडे गेलंय, त्याने मूळ उतारा पाहिलेलाच नाही. त्याला फलकावर तारखांची पट्टी हवी आहे. तो प्रामाणिकपणे समोरचं वाचतो आणि लिहितो:

(पडद्यावर तिसरी फेरी)

"१३ सप्टेंबर १९६२: पहिला मोठा धक्का. ११ डिसेंबर १९६७: कोयना-वारणा भूकंप, तीव्रता ६.५, मृत्यू १८०."

"१३ सप्टेंबर १९६२." ही तारीख मूळ उताऱ्यात शोधून दाखवा. नाही सापडणार. पण "१३ सप्टेंबर" सापडेल. "१९६२" ही सापडेल. म्हणून शेवटी एकदाच तपासणारा माणूस पेन्सिल घेऊन बसला, एकेका आकड्यावर बरोबरची खूण करत गेला, तर हा फलक सहीसलामत पास होतो. सगळे आकडे मुळात आहेतच! फक्त कुठला आकडा कशाला चिकटलाय, ते बदललंय. मजकूर कापताना सहसा आकडा मरत नाही, त्याचं चिकटलेलं ठिकाण सुटतं.

आणि तिसऱ्या फेरीवाल्याने आपलं काम दुसऱ्या फेरीशी ताडून पाहिलं असतं तर? तरीही बरोबरच वाटलं असतं, कारण त्याने दुसऱ्या फेरीचा अर्थ चोख लावलाय. दुसऱ्या फेरीत "त्याच वर्षी" असा निदान एक संशयास्पद शब्द तरी होता. तिसऱ्या फेरीत त्याच्या जागी ठाम तारीख आली आणि संशयाची खूणच पुसली गेली. मधल्या फेरीनंतर तपासलं असतं तर एक मिनिट लागलं असतं. आता चूक कुठे झाली हे कळायलाच सगळा प्रवास उलटा करावा लागतो. म्हणून प्रत्येक फेरीनंतर तपासायचं, आणि दर वेळी आधीच्या फेरीशी नाही, मूळ मजकुराशी.

आता मुख्य तारखेकडे वळू, कारण तिथे याहून मजेशीर सापळा आहे. आपण पहिल्याच फेरीत "पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी" हे काढून टाकलं. एवढी बारीक वेळ फलकावर कशाला, असंच वाटतं. पण आंतरराष्ट्रीय भूकंपनोंदींत हा भूकंप १० डिसेंबर १९६७ असा दिसतो. आपली घड्याळं जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे. पहाटे ४ वाजून २१ मिनिटांतून साडेपाच तास वजा करा. आदल्या रात्रीचे १० वाजून ५१ मिनिटं येतात, म्हणजे तारीख १०. दोन्ही नोंदी खऱ्या आहेत.

आता कल्पना करा. फलकावर नुसतं "११ डिसेंबर" उरलंय. कुणी जागरूक मास्तर इंटरनेटवर पाहतात, १० दिसतं, आणि चांगल्या मनाने "दुरुस्ती" करतात. पाटणमधल्या वयस्कर माणसाला विचारा, ती पहाट १० ची होती का! वेळ लिहिलेली असती, तर निदान हिशेब करता आला असता. म्हणजे जो तपशील आपल्याला फालतू वाटला, तोच शेजारच्या तारखेचा राखणदार होता. काही काढण्याआधी विचारायचं की याच्या आधाराने दुसरं काही उभं आहे का. इथे "पहाटे" हा एक शब्द जरी ठेवला असता, तरी शंका आली असती.

६.३ आणि ६.५ चंही असंच. पहिल्या फेरीत एक निवडून दुसरा टाकला आणि "काही अभ्यासांत" हे शब्दही गेले. वेगवेगळ्या पद्धतींनी मोजल्यावर वेगवेगळे आकडे येतात. एकटा ६.५ उभा राहिला की तो जणू सर्वमान्य आकडा झाला. "सुमारे" गेल्याने १८० चंही तसंच झालं. मुळात तो अंदाज होता, फलकावर ती मोजदाद झाली. माझं मत विचाराल तर शब्द वाचवण्यासाठी कापायची शेवटची गोष्ट म्हणजे "सुमारे". एका शब्दाने असं कितीसं वाचतं?

आता नावं. दुसऱ्या फेरीत "कोयना-वारणा परिसर" असं जोडनाव आलं. अभ्यासक हे नाव वापरतात, त्यात वावगं काही नाही. पण मूळ उताऱ्यात वारणा जलाशय येतो १९८५ पासून. आपण १९८५ कापलं आणि वारणा ठेवली, त्यामुळे वारणेचे धक्के १९६२ च्या वाक्यात जाऊन बसले. तिसऱ्या फेरीत तर १९६७ च्या भूकंपाचं नावच "कोयना-वारणा भूकंप" झालं.

आणखी एक फेरी झाली तर काय होईल, हे मला इथूनच दिसतंय. कुणीतरी म्हणेल, कोयनेचं कोयनानगर, तसं वारणेचं वारणानगर. कानाला बरोबर वाटतं, पण वारणेचं धरण चांदोलीला, सांगली जिल्ह्यातल्या शिराळा तालुक्यात. वारणानगर कोल्हापूर जिल्ह्यात, साखर कारखान्याचं गाव. सांगलीकर हसतील. पण पुण्यात बसून फलक टाइप करणाऱ्याला कसं कळावं? नाव आखडलं की ते ओळखायला स्थानिक माणूस लागतो, आणि तो दर वेळी शेजारी नसतो.

तर तपासायचं कसं? मी कात्री चालवण्याआधी मूळ मजकुरावरून एक चिठ्ठी करतो. त्यावर नुसते आकडे नसतात, आकडा आणि तो कशाचा, हे दोन्ही असतं. "१३ सप्टेंबर, १९६७ चा, आधीचा धक्का." "१९६२, पाणी साठायला सुरुवात." "१९८५, वारणा जलाशय." "१८०, मृत्यू, अंदाज." फेरी संपली की नवा मजकूर असा वाचायचा, जणू मूळ पाहिलंच नाही. त्यावरून प्रत्येक आकड्याचं उत्तर तोंडाने द्यायचं, आणि मगच चिठ्ठी पाहायची. दुसरा माणूस मिळाला तर उत्तम. त्याच्या हातात नुसता छोटा मजकूर द्या आणि विचारा, "१९६२ मध्ये काय झालं?" दुसरी फेरी वाचून तो हमखास म्हणेल, "मोठा धक्का बसला." तिथेच पकडला.

संगणकावर शोधून हे काम होत नाही, बरं का. एक तर "त्याच वर्षी", "त्याआधी", "पुढे तीन वर्षांनी" यांत आकडाच नसतो. त्यामुळे चिठ्ठी करतानाच असे शब्द पूर्ण तारखेत बदलून घ्या. दुसरं म्हणजे मूळ मजकूर देवनागरी अंकांत असेल आणि तुम्ही शोधायच्या चौकटीत 1967 टाइप केलं, तर बऱ्याच ठिकाणी १९६७ सापडत नाही. तुम्हाला वाटतं तारीख मजकुरात नाहीच.

मूळ मजकुरातच चूक असेल, तर ही चिठ्ठी ती चूक इमानदारीने जपते. ती पकडायची तर जुनी वर्तमानपत्रं आणि भूकंपाच्या नोंदी उघडाव्या लागतात. ते काम कापायला बसण्याच्या आधीचं.

चला, फलक पूर्ण करू. हा एकोणचाळीस शब्दांत बसला.

(पडद्यावर अंतिम मजकूर)

"११ डिसेंबर १९६७ रोजी पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनानगर परिसरात मोठा भूकंप झाला. सुमारे १८० जणांचा मृत्यू झाला. शिवसागर जलाशयात १९६२ पासून पाणी साठू लागल्यावर इथे धक्के वाढले होते. या पाण्याने भूकंपाला चालना दिली, असे बहुतेक शास्त्रज्ञ मानतात."

वेळ परत आणली, "सुमारे" परत आणलं. तीव्रता पूर्ण काढली, कारण दोन आकडे समजावून सांगायला जागा नाही आणि एकच ठेवणं मला पटत नाही. सप्टेंबरचा धक्का गेला. वारणा आणि १९८५ दोन्ही एकत्र गेले. त्यांच्यासाठी शाळेने दुसरा फलक करावा, चांदोलीच्या नकाशासकट.